काटा वर, पण ग्रुप गार

जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत मी कॉफीचं छोटं दुकान टाकलं. नोकरीतले पैसे त्यात घातले, त्यातला मोठा वाटा एकट्या मशीनने खाल्ला. जुनी, पुण्याहून आणलेली, एका ग्रुपची मशीन. आत दीड लिटरचा तांब्याचा बॉयलर आणि पुढे बाहेर आलेला, चकचकीत क्रोमचा, मुठीपेक्षा मोठा पितळी ठोकळा. हा ठोकळा म्हणजे ग्रुप हेड. दळलेली कॉफी भरलेलं हँडल यालाच अडकवायचं आणि कॉफी याच्याच खालून पडते. विकणाऱ्याने मशीन चालवून दाखवली, दाबाचा काटा सव्वा बारच्या जवळ आला तसं म्हणाला, "काटा हिरव्यात आला की चालू करा." मी ते वाक्य गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं. पुढचे तीन महिने त्याच वाक्याने माझी पहिली गिऱ्हाइकं नासवली.

सकाळी सातला दुकान उघडायचं. कामाला असलेला कॉलेजचा मुलगा सहा चाळीसला येऊन मशीन चालू करायचा. सहा एक्कावन्नला काटा १.१ बारवर. म्हणजे उघडायच्या आधी नऊ मिनिटं हाताशी. मला तर वाटायचं, आपण फार शिस्तीचे आहोत.

सकाळची गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. फिरायला जाऊन येणारे कॅपुचिनो घेतात, साखर दोन चमचे. त्यांची कधी तक्रार नाही. दूध आणि साखर बरंच काही पोटात घालतात. दुसरे एकच, नाइट ड्यूटी संपवून येणारे डॉक्टर. सात-पाचला येणार, कोपऱ्यात बसणार, साधी एस्प्रेसो मागणार. सोलापुरात बिनदुधाची कॉफी मागणारा माणूस म्हणजे मला देवासारखा. तर हा देव दर दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "ताई, आज जरा आंबट आहे हो." एकदा रविवारी ते दहा वाजता आले. प्यायले, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "बीन्स बदलल्या का?" बदलल्या नव्हत्या. चिकमगळूरचीच अरेबिका, तीच पिशवी.

आंबट कॉफी म्हटलं की शिकलेलं उत्तर तयार असतं: दळण जाड आहे, बारीक करा. बारीक दळणातून पाणी सावकाश जातं, जास्त अर्क उतरतो, आंबटपणा झाकला जातो. मी तेच करत होते. अठरा ग्रॅम कॉफी, छत्तीस ग्रॅम उतारा, सत्तावीस सेकंद हे माझं ठरलेलं माप. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं की ग्राइंडरची चकती दोन खुणा बारीक करायची. मग शॉट, म्हणजे एका वेळी उतरणारी एस्प्रेसो, पस्तीस सेकंदांना जायचा, चव जरा बरी व्हायची. पण साडेआठनंतर त्याच दळणाची कॉफी कडू लागायची. नुसती कडू नाही, जीभ कोरडी पडायची, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी. मग परत दोन खुणा जाड. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा आंबट.

माझा पिंड हिशेबाचा, त्यामुळे हे सगळं मी वहीत लिहीत होते. किती ग्रॅम, किती सेकंद, कोणती खूण, चव कशी. दीड महिन्याची पानं एका दुपारी चाळली तेव्हा पोटात गोळाच आला. रोज सातला दोन खुणा बारीक, रोज साडेआठला दोन खुणा जाड. बीन्स नव्या असोत की जुन्या, पाऊस असो की नसो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बारीक करण्याआधीचा सकाळचा पहिला शॉट बहुतेक दिवशी बरोबर सत्तावीस सेकंदांचाच होता. वजन बरोबर, वेळ बरोबर, तरी आंबट. दळण चुकलं असतं तर ते सेकंदांत दिसलं असतं. म्हणजे मी दीड महिना ज्याचा कान पिळत होते, त्याने काही केलंच नव्हतं.

उरली उष्णता. पण काटा तर हिरव्यात होता!

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या दिरांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्यांच्याकडे लांबून तापमान दाखवणारी लेझरची गन आहे. ती मागवून घेतली आणि सकाळी नऊला, मशीन चांगली चालू असताना, ग्रुपवर धरली. आकडा आला ४६. ग्रुपला हात लावला तर चटका बसला. गन बिघडली समजून भाऊजींना फोन केला. ते हसायला लागले. "वहिनी, ते क्रोम म्हणजे आरसा आहे. गन त्याचं नाही, समोरच्या भिंतीचं तापमान वाचतीय. काळी चिकटपट्टी लावा त्याच्यावर आणि पट्टीवर धरा." वायरीला गुंडाळतात ती काळी पट्टी दोन बोटं लावली, पाच मिनिटं थांबले, परत गन धरली. ९१.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सहा चाळीसला खाली आले. डिसेंबर होता, खोलीत २० अंश. बटण दाबलं आणि स्टूल घेऊन बसले. सहा एक्कावन्नला काटा १.१ बारवर आला, हीटरचा दिवा विझला. ग्रुपवरच्या पट्टीवर आकडा होता ४१. सातला, म्हणजे दुकान उघडताना, ६६. सात-पाचला, डॉक्टर दारात असताना, ७५. सात-दहाला ८२, सात-वीसला ८९. सात-पंचवीसला ९१ आला आणि मग तिथेच घुटमळत राहिला. पंचेचाळीस मिनिटं. काट्याला अकरा लागली होती.

या दोन आकड्यांत एवढं अंतर का, हे कळायला मशीनची रचना बघावी लागते. हीटर बॉयलरमध्ये आहे, ग्रुपमध्ये नाही. दीड लिटर पाणी वीस अंशांवरून एकशेवीसपर्यंत न्यायला १४०० वॅटच्या हीटरला साडेसात मिनिटं लागतात. तांबं तापवण्यात आणि इकडेतिकडे गळतीत आणखी तीन-चार मिनिटं जातात. झालं, काटा वर. काटा फक्त बॉयलरमधल्या वाफेचा दाब सांगतो. ग्रुपला उष्णता मिळते ती दोन नळ्यांतून: गरम पाणी हलकं होऊन वरच्या नळीने ग्रुपमध्ये येतं, तिथे उष्णता देऊन जड होतं आणि खालच्या नळीने परत जातं. पंप नाही, काही नाही, नुसतं पाण्याच्या मर्जीने सावकाश फिरतं. १९६१ साली इटलीच्या फाएमा कंपनीने काढलेल्या ई-६१ ग्रुपची ही पद्धत. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून 'ई' पडलं. माझी मशीन त्याच घराण्यातली नक्कल. हीटर विझला तरी हे फिरणं चालूच असतं, आणि खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

मग पितळ किती उष्णता पितं, याचाही हिशेब मांडला. वजनाला वजन धरलं तर पितळ पाण्याच्या साधारण अकराव्या हिश्श्याइतकीच उष्णता धरतं. चार किलोचा ग्रुप म्हणजे उष्णतेच्या हिशेबात साडेतीनशे ग्रॅमच्या वर पाणी. आणि एका शॉटला ग्रुपमधून पाणी जातं पन्नासएक ग्रॅम, कारण छत्तीस कपात पडतं आणि बाकीचं चोथ्यात राहतं. पन्नास ग्रॅम गरम पाणी साडेतीनशे ग्रॅम कोमट पाण्याला भिडल्यावर कोण कोणाला आपल्यासारखं करणार हे उघड आहे. सात-पाचच्या शॉटमध्ये बॉयलरकडून पाणी गरमच निघत होतं. कॉफीपर्यंत पोचताना ग्रुप ते थंड करत होता. कपात पडलेल्या कॉफीत सळईचा थर्मामीटर घातला: सात-पाचला ५९ अंश, नऊ वाजता ६८. कप दोन्ही वेळा गरम पाण्याने धुतलेलेच होते. आणि कॉफीतली आंबट द्रव्यं कमी तापमानालाही पटकन सुटतात. गोडवा आणि त्यामागचा चांगला कडवटपणा यांना जास्त उष्णता लागते. म्हणून डॉक्टरांच्या कपात आंबट तेवढं आलं, बाकीचं चोथ्याबरोबर डब्यात गेलं. क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा तपकिरी फेस, तोसुद्धा फिकट, पातळ, मिनिटभरात फाटणारा. तो मला रोज दिसत होता, पण मी बीन्सना बोल लावत होते.

हँडलचं प्रकरण वेगळं, तेही सांगून टाकते. आमचा मुलगा रात्री हँडल धुऊन स्टँडवर ठेवायचा, आणि सकाळी पहिल्या ऑर्डरलाच ते मशीनला लागायचं. हँडल साडेपाचशे ग्रॅमचं. अकराने भागा, पन्नास ग्रॅम पाणी. म्हणजे एका शॉटच्या पाण्याइतकंच थंड पाणी वाटेत धरून ठेवल्यासारखं. सगळं हँडल काही सत्तावीस सेकंदांत तापत नाही, पण जाळी आणि तोटी मिळेल ती उष्णता ओढून घेतात. खात्रीसाठी एकदा सकाळी दहाला, ग्रुप ९१वर असताना, मुद्दाम रॅकवरचं गार हँडल लावून शॉट काढला. आंबट. लगेच गरम हँडलने दुसरा काढला, तेच दळण, तेच सेकंद. छान. मुलाला दोन्ही चाखवले. तो म्हणाला, "काय ओ ताई, हे तर दोन वेगळ्या दुकानांचे आहेत." तेव्हापासून रात्री धुतलेलं हँडल परत ग्रुपलाच अडकवून ठेवायचं, रिकामं, आणि सकाळी मशीनबरोबर तापू द्यायचं.

शेजारच्या मावशी बचत गटासाठी कडक भाकरी करतात. एकदा कॉफी प्यायला बसल्या असताना त्यांना ही सगळी कथा ऐकवली. त्या म्हणाल्या, "तवा तापला का बघायचं तर पाणी कडेला शिंपडायचं गं. मधे काय, मधे लगेच चुरचुरतं." मी तीन महिने मध्यावर पाणी शिंपडत होते.

घाई करायचे उपायही करून बघितले, नाही असं नाही. कळ उघडून ग्रुपमधून गरम पाणी सोडलं की ग्रुप लवकर तापतो, हे खरं आहे. काटा वर आल्यावर दर दोन मिनिटांनी शंभर-शंभर मिली असं पाचदा सोडलं, तर सात-पाचला ७५ऐवजी ८४ आला. शॉट सुधारला, पण आंबटाची धार राहिलीच. शिवाय अर्धा लिटर पाणी गटारात. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मशीनला मी जारचं पाणी घालते. रोज सकाळी अर्धा लिटर ओतून द्यायला जीव होत नाही. पंधरा मिनिटांचा खोळंबा असेल तर हा उपाय ठीक, पंचेचाळीसची पाच होत नाहीत.

एका सकाळी काटा सातच मिनिटांत वर आला, तेव्हा मी खुश झाले होते. ती खुशी दूध फेसायला घेईपर्यंत टिकली. वाफेची नळी उघडली तर दोन फुसके निघाले आणि काटा शून्याकडे पडला. बॉयलरच्या डोक्यावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गार असताना तो उघडा राहतो, तापताना आतली हवा फुसफुसत बाहेर सोडतो आणि मग वाफेच्या जोराने टक्कन बंद होतो. माझा क्षार बसून बंदच अडकला होता. कोंडलेली हवा तापून फुगली आणि तिनेच काटा वर ढकलला. हीटरला वाटलं काम झालं, तो विझला. आत पाणी शंभर अंशांचंही नव्हतं. व्हॉल्व्ह सोडवून साफ केला. आता सकाळी ते फुसफुसणं आणि टक् ऐकू आलं नाही, तर काटा काहीही म्हणो, मी नळी उघडून बघते.

उपाय शेवटी अगदी साधा निघाला: मशीन पाऊण तास आधी चालू करायची. पण सहा-दहाला मुलाला बोलावणं बरं नव्हतं, म्हणून टायमर आणला. फिरत्या तबकडीचा, सोळा अँपिअरचा. १४०० वॅटला साध्या छोट्या प्लगवर रोज चालवायची माझी हिंमत नव्हती. तीन आठवडे मजेत गेले. एके दिवशी सात-पाचला डॉक्टर म्हणाले, "आज जुनी चव परत आली." बघते तर ग्रुप ७३. रात्री अर्धा तास वीज गेली होती. तबकडी विजेवरच फिरते, तीही तेवढा वेळ थांबली होती. मशीन सात वाजायच्या आत कशीबशी जागी झाली होती. आता आत बॅटरी असलेला टायमर लावलाय, आणि तरीही नियम असा की पहिल्या ऑर्डरआधी ग्रुपवर बोट टेकवायचं. एक म्हणायच्या आत बोट मागे आलं पाहिजे. तीन मोजेपर्यंत टिकलं तर कॉफी नाही.

ऋतूही मधे येतो. मेमध्ये आमची खोली सकाळीच ३२-३३ असते. तिथून नव्वदीला जायला डिसेंबरपेक्षा अंतर कमी, आणि पट्टीवर आठेक मिनिटं लवकर आकडा येतो. मात्र तेव्हा पंखा चालू असतो आणि त्याचा झोत मशीनवर आला की ग्रुप दोन-तीन अंश खालीच अडकतो. पंखा सरकवला. ज्या दिवशी व्होल्टेज २०० पर्यंत घसरतं, त्या दिवशी हीटर जेमतेम पाऊण ताकदीने चालतो, काटाच पंधरा मिनिटं घेतो. म्हणून घड्याळापेक्षा पट्टी खरी. ती काळी पट्टी मी ग्रुपवर तशीच ठेवली आहे. चकचकीत क्रोमवर बघायला वाईट दिसते.

हे आकडे माझ्या मशीनचे. ज्यांच्या ग्रुपमध्येच वेगळा हीटर असतो त्या मशीन लवकर तयार होतात, घरच्या छोट्या हलक्या मशीनना तर तापवायला तेवढं पितळच नसतं. आणि माझ्याकडे उलटा त्रासही आहे: पूर्ण तापल्यावर अर्धा तास गिऱ्हाईक आलं नाही की आतल्या नळीतलं पाणी जास्तच तापतं, कळ उघडताच खदखदत, थुंकत बाहेर येतं. तेव्हा ते थुंकणं थांबेपर्यंत पाणी सोडून द्यायचं आणि मग हँडल लावायचं, नाहीतर कॉफी करपट. पण सकाळी सातला ही चैन नसते.

दळणाला मी आता हात लावते तो नवी पिशवी उघडली की, आणि तेही साडेसातनंतर. वहीत दोन महिन्यांत खूण फक्त पाचदा बदललेली आहे.

परवा पहाटेपासून वीज नव्हती. सात-वीसला आली. डॉक्टर आधीच येऊन कोपऱ्यात बसलेले, डोळे मिटलेले. सात-एकतीसला काटा वर आला. तो त्यांच्या खुर्चीतूनही दिसतो. "ताई, आलाय की काटा." मुलाने ग्रुपवर बोट टेकवलं. एक, दोन, तीन, चार. बोट तिथेच. त्याने मान हलवली.

"द्या हो तसाच," डॉक्टर म्हणाले, "आंबट तर आंबट. झोपायला जायचंय मला."

"झोपायचंय तर कॉफी कशाला मागताय?" मुलगा म्हणाला आणि त्यांच्यासाठी गॅसवर चहाचं आधण ठेवलं.